साखरपुड्याच्या व्हिडिओतले पट्टे

मंगल कार्यालयात साखरपुडा चालू आहे. न्यू जर्सीहून आलेल्या मामेभावाने आपला महागडा मिररलेस कॅमेरा तिपाईवर लावून ठेवला आहे. पाठीमागे पिस्ता रंगाची भिंत, तिच्यावर ओळीने लावलेल्या एलईडी ट्यूब, पुढे पाटावर बसलेली मुलगी. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या स्क्रीनवर सगळं झकास दिसतं. रात्री तेच चित्रण टीव्हीवर लावलं की मात्र भिंतीवर आडवे रुंद पट्टे उमटतात, दोन उजळ आणि दोन काळसर. ते एका जागी थांबतही नाहीत, सारखे फडफडत राहतात. कॅमेरा बिघडला, मेमरी कार्ड खराब निघालं, कार्यालयाची वीज कमी दाबाची होती, असे तर्क सुरू होतात.

यातलं काहीच झालेलं नसतं. कॅमेरा अमेरिकेतल्या विजेच्या हिशोबाने लावलेला होता आणि चित्रण भारतातल्या विजेवर झालं, एवढीच गोष्ट आहे. असं चित्रण बऱ्याच अंशी दुरुस्त करता येतं. मात्र त्यासाठी हे पट्टे कुठल्या नियमाने येतात ते आधी समजून घ्यावं लागतं, कारण दुरुस्तीची सगळी भिस्त त्या नियमावर असते.

भारतात घरगुती वीज सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे वाहते, अमेरिकेत 60 वेळा. प्रवाह पुढे जाताना एकदा आणि उलटा येताना एकदा असा दिवा प्रत्येक आवर्तनात दोनदा उजळतो. म्हणजे आपल्याकडचा चोकवाला ट्यूबलाइट किंवा स्वस्तातला एलईडी सेकंदाला 100 वेळा उजळून मंदावतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार तापलेलीच राहायची, त्यामुळे हा चढउतार थोडा असायचा. एलईडीला तशी ऊब धरून ठेवता येत नाही. आतल्या ड्रायव्हरने वीज सपाट करून दिली तर प्रकाश स्थिर राहतो; पण त्यासाठी लागणारा कपॅसिटर किंमत कमी ठेवण्यासाठी लहान केला किंवा गाळलाच, तर दिवा प्रत्येक फेऱ्यात जवळजवळ विझतो. सेकंदाला 100 वेळा होणारी ही लुकलुक डोळ्यांना सहसा कळत नाही.

कॅमेऱ्याला ती कळते, कारण तो चित्र एका दमात घेत नाही. बहुतेक मोबाइल आणि मिररलेस कॅमेऱ्यांचा सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत जातो. याला रोलिंग शटर म्हणतात. मामेभावाच्या कॅमेऱ्याला वरपासून खालपर्यंत पोचायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो असं धरू. तेवढ्यात दिवा दोनदा उजळून दोनदा मंदावतो, म्हणून एका चित्रात दोन उजळ आणि दोन काळसर पट्टे. हाच सेन्सर दुप्पट वेगाने वाचला गेला असता तर पट्टा एकच आणि अधिक रुंद दिसला असता. मोबाइल उभा धरून रील काढली की हेच पट्टे उभे दिसतात, कारण चित्र उभं झालं तरी सेन्सरच्या ओळी मोबाइलच्या लांबीच्या दिशेनेच असतात.

खरी मेख शटरमध्ये आहे. प्रत्येक ओळ किती वेळ प्रकाश गोळा करते ते शटर ठरवतं. मामेभावाचं शटर 1/60 वर होतं. अमेरिकेत दिवा सेकंदाला 120 वेळा उजळतो, तेव्हा 1/60 सेकंदात बरोबर दोन पूर्ण फेरे बसतात आणि प्रत्येक ओळीच्या वाट्याला सारखाच प्रकाश येतो. आपल्याकडे तेवढ्याच वेळात एक पूर्ण फेरा आणि दुसऱ्याचा दोन तृतीयांश भाग एवढंच बसतं. हा अर्धवट तुकडा कुठल्या ओळीला दिव्याच्या उजळ क्षणाचा मिळतो, कुठल्या ओळीला मंद क्षणाचा. फेऱ्यात पार विझणारा दिवा असेल तर 1/60 ला उजळ आणि काळसर पट्ट्यांत साधारण 16 टक्के वर, 16 टक्के खाली एवढी तफावत येते. शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं असतं तर अनुक्रमे दोन आणि एक असे पूर्ण फेरे बसले असते आणि पट्टे उमटलेच नसते.

आता फडफडीकडे येऊ. कॅमेरा सेकंदाला 30 फ्रेम घेत होता. दिव्याच्या 100 फेऱ्यांना 30 ने भागलं की एका फ्रेममागे तीन पूर्णांक एक तृतीयांश फेरे येतात. म्हणून प्रत्येक पुढच्या फ्रेममध्ये पट्टे एक तृतीयांश फेऱ्याने सरकतात आणि तिसऱ्या उडीनंतर, म्हणजे चौथ्या फ्रेमला, जवळजवळ मूळ जागी परत येतात. तीन फ्रेमचा हा फेरा सेकंदाला 10 वेळा होतो, आणि तीच ती डोळ्यांना टोचणारी फडफड. ‘जवळजवळ’ म्हणायचं कारण असं की कॅमेऱ्याचे 30 म्हणजे प्रत्यक्षात बहुधा 29.97 असतात आणि विजेची वारंवारताही नेमकी 50 वर खिळलेली नसते. त्यामुळे फडफडता फडफडता पट्ट्यांचा सगळा संच हळूहळू वर किंवा खाली सरकत जातो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी हा फेरा आपल्या चित्रणात आहे का ते बघावं. एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये मूळ फाइल घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको, कारण तिथे फाइल नव्याने दाबली जाते आणि पट्ट्यांच्या कडा कम्प्रेशनच्या चौकटींत विरघळून जातात. भिंतीचा मोकळा भाग दिसेल अशा ठिकाणी बाणाच्या बटणाने एकेक फ्रेम पुढे जावं आणि एका काळसर पट्ट्याच्या मध्यावर नजर ठेवावी. चौथ्या फ्रेमला तो पहिल्या जागी आला, तर आपण ओळखलेला आजार बरोबर आहे. मोबाइलचं चित्रण असेल तर इथेच एक गोम कळते. बरेच मोबाइल फ्रेमचा वेग मधूनच कमी-जास्त करतात, मग तीनाचा फेरा मध्येच मोडतो आणि दुरुस्ती काही सेकंद चांगली दिसून पुढे बिघडते.

सगळ्यात सोपा उपाय या तीनाच्या फेऱ्यातूनच निघतो. भिंतीवरची एक ओळ पहिल्या फ्रेममध्ये उजळ असेल तर पुढच्या दोन फ्रेममध्ये तेवढ्याच हिशोबाने मंद असते. तिन्हींची सरासरी काढली की चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात. हे करायला खास प्रोग्रॅम लागत नाही. कुठल्याही एडिटरमध्ये तीच क्लिप एकावर एक अशा तीन ट्रॅकवर ठेवायची, मधली एका फ्रेमने आणि वरची दोन फ्रेमने पुढे सरकवायची. मग सगळ्यात खालचीची अपारदर्शकता 100 टक्के, मधलीची 50 आणि वरचीची 33 करायची. तिघींचा वाटा सारखा होतो आणि भिंतीवरचे पट्टे गायब होतात. पहिल्यांदा करणाऱ्याला ही हातचलाखीच वाटते.

मग मुलीला कुंकू लावणारा हात दिसतो आणि आनंद ओसरतो. हात हलता आहे, आणि तीन फ्रेम एकत्र कालवल्यामुळे त्याच्या तीन पुसट छाया दिसतात. बांगड्या तर धुरकट होतात. तिपाईवरचा कॅमेरा आणि स्थिर भिंत एवढ्यापुरती ही युक्ती पक्की आहे. माणसं हलली की तिची मर्यादा संपते. लग्नाची चित्रणं करणारे काही जण यावर तडजोड करतात. भिंत, पडदे, छत एवढ्यावर सरासरी काढलेलं चित्र ठेवायचं आणि माणसांभोवती मास्क आखून तिथे मूळ चित्र दिसू द्यायचं. भरजरी शालू आणि चेहरे यांवर पट्टे तसे कमीच जाणवतात, सपाट भिंतीवर ते ठळक दिसतात. म्हणून ही तडजोड बघणाऱ्याच्या लक्षात क्वचितच येते. माणूस भिंतीपुढून फिरू लागला की मास्क हलवत बसावं लागतं, आणि मग तासन् तास जातात.

याहून चांगला मार्ग चित्रं न मिसळण्याचा आहे. पट्टे म्हणजे चित्रातला तपशील नव्हे; एका ओळीतल्या सगळ्या ठिपक्यांना सारखाच गुणाकार लागलेला असतो, एवढंच. तो गुणाकार शोधून उलटा केला की प्रत्येक फ्रेम आपल्या जागी शाबूत राहते आणि हाताच्या छाया येत नाहीत.

एक ओळ घेऊन हे आकड्यांत पाहू. भिंतीवरच्या एका ओळीची सरासरी उजळणी पहिल्या फ्रेममध्ये 116, दुसरीत 88 आणि तिसरीत 96 निघाली. तिघांची सरासरी 100. याचा अर्थ पहिल्या फ्रेममध्ये ती ओळ गरजेपेक्षा उजळ आहे, म्हणून तिला 0.86 ने गुणायचं. दुसरीतल्या ओळीला 1.14 ने आणि तिसरीतल्या ओळीला 1.04 ने. असं चित्रातल्या प्रत्येक ओळीसाठी करायचं. हे हाताने करण्याचं काम नाही, पण पट्टे काढणारे चांगले फिल्टर तत्त्वतः याच अंगाने जातात: शेजारच्या फ्रेमशी तुलना करून उजेडाचा फरक मोजायचा आणि तेवढाच फरक काढायचा. DaVinci Resolve च्या विकत मिळणाऱ्या Studio आवृत्तीत `Deflicker` नावाचा इफेक्ट आहे, त्यात `Fluoro Light` हा पर्याय अशा दिव्यांसाठी दिलेला आहे. RE:Vision Effects चा DE:Flicker आणि Digital Anarchy चा Flicker Free हे स्वतंत्र प्लगइन त्याच कामासाठी वापरले जातात.

मात्र नावावर जाऊन कुठलाही ‘डिफ्लिकर’ उचलू नये. काही फिल्टर केवळ अख्ख्या फ्रेमचा उजेड सारखा करतात. ढगांमुळे कमी-जास्त झालेल्या टाइमलॅप्सला ते उत्तम. आपल्या उदाहरणात प्रत्येक फ्रेममध्ये दोन उजळ आणि दोन काळसर पट्टे आहेतच, त्यामुळे अख्ख्या फ्रेमची सरासरी सगळीकडे सारखीच येते. फिल्टरच्या मते सगळं आलबेल असतं आणि पट्टे जागच्या जागी राहतात. मोफत मिळणाऱ्या ffmpeg मधला `deflicker` याच जातीचा आहे. तो लावून ‘काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांची चूक फिल्टरच्या निवडीत असते.

फिल्टर कधी लावायचा यालाही महत्त्व आहे. तो सगळ्यात आधी लावायचा. आधी स्टॅबिलायझेशन केलं तर चित्र फ्रेमगणिक वरखाली सरकतं, थोडं तिरकंही होतं, आणि सेन्सरची एक ओळ ही चित्रातली एक ओळ राहत नाही. 30 फ्रेमचं चित्रण आधी 25 मध्ये बदललं तर काही फ्रेम गळतात आणि तीनाचा फेरा तुटतो. रंग गडद केले तर पट्टेही गडद होतात. मूळ वेग, मूळ आकार, मूळ रंग यांवर आधी पट्टे काढावेत, बाकीची सजावट नंतर.

आता हाच कार्यक्रम सकाळी झाला असता आणि डाव्या बाजूला मोठी खिडकी असती तर? खिडकीजवळचा भाग उन्हाच्या उजेडात, तिथे पट्टे नाहीत. उजवीकडे ट्यूबचा उजेड, तिथे पट्टे आहेत. ओळीला सरसकट एकच गुणाकार लावणारी दुरुस्ती उजवीकडचे पट्टे काढते आणि डावीकडे नवे पट्टे पाडते, नेमके उलटे. असे उलटे पट्टे दिसले की ओळखावं, उजेड मिश्र आहे. अशा वेळी चित्राचे डावा-उजवा असे भाग पाडून वेगवेगळी मात्रा द्यावी लागते. मोठ्या कार्यालयांत आणखी एक घोटाळा असतो. तिथे वीज थ्री-फेज असते आणि दिव्यांच्या ओळी वेगवेगळ्या फेजवर वाटलेल्या असतात. एका ओळीतले दिवे उजळतात तेव्हा दुसरीतले मंदावत असतात. तिन्ही फेजचा उजेड नीट मिसळतो त्या जागी पट्टे आपोआप फिके होतात, ही जमेची बाजू. पण व्यासपीठाच्या दोन टोकांना वेगवेगळ्या फेजचे दिवे असले तर पट्टे मधोमध तुटल्यासारखे दिसतात.

जुन्या चोकवाल्या ट्यूबखाली काढलेल्या चित्रणात उजेडाबरोबर रंगही बदलतो. ट्यूबच्या आतला पांढरा लेप वेगवेगळ्या फॉस्फरचा असतो. निळा प्रकाश देणारा फॉस्फर पटकन विझतो, लाल आणि हिरवा देणारे थोडे रेंगाळतात. त्यामुळे उजळ पट्टा निळसर आणि काळसर पट्टा पिवळट दिसतो. नुसता उजेड सारखा केला तर भिंतीवर रंगाचे पट्टे उरतात. उपाय वर सांगितलेलाच, फक्त लाल, हिरवा आणि निळा यांचे गुणाकार वेगवेगळे काढायचे. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब हजारो हर्ट्झवर चालते, तिच्याखाली हा त्रास फारसा होत नाही.

भारतात 25 फ्रेमवर चित्रण करावं हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो बरोबर आहे, पण शटर 1/50 असेल तरच. 25 फ्रेमवर शटर चुकून 1/250 राहिलं तर दुरुस्ती उलट अवघड होते. एका फ्रेममागे नेमके चार फेरे पडतात, त्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये पट्टे त्याच जागी असतात. फडफड नसते, पण शेजारच्या फ्रेमशी तुलना करून काही कळतही नाही, कारण शेजारणीच्या अंगावरही तेच पट्टे. अशा वेळी विजेच्या वारंवारतेतला किंचितसा फरक मदतीला येतो. ती 49.98 असेल तर पट्ट्यांना एक पूर्ण फेरा सरकायला 25 सेकंद लागतात. कॅमेरा हलला नसेल तर तेवढ्या लांब तुकड्याची सरासरी काढून भिंत खरी कशी दिसते ते शोधता येतं आणि त्यावरून गुणाकार ठरवता येतात. हातात धरून काढलेल्या चित्रणाला ही सोय नाही.

शिवाय 1/250 ला पट्टे खोल पडतात. 1/60 ला तफावत 16 टक्के होती, इथे ती 76 टक्क्यांच्या घरात जाते, म्हणजे उजळ पट्टा काळसर पट्ट्याच्या सातपट उजळ. गणिताने काळसर पट्टा चौपट उजळ करता येतो, पण त्यातला दाणेदारपणाही चौपट होतो आणि भिंतीवर पट्ट्यांऐवजी मुंग्या धावल्यासारखं दिसतं. उजळ पट्ट्यात एखादं पांढरं धोतर किंवा टोपी पार पांढरी पडली असेल, तर तिथला तपशील नोंदलाच गेलेला नसतो, 0.6 ने गुणलं की पांढऱ्याचा राखाडी डाग होतो. मॅच किंवा नाच टिपण्यासाठी वेगवान शटर ठेवणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं. स्लो मोशनमध्येही तीच अडचण. सेकंदाला 120 फ्रेम घेताना शटर 1/120 पेक्षा जास्त वेळ उघडं राहूच शकत नाही, मग 1/100 कुठून मिळणार? आपल्याकडच्या दिव्यांखाली 100 फ्रेम आणि 1/100 शटर हा जोडा त्यासाठी बरा.

सभागृह आधीच बघायला मिळालं तर मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर 1/1000 करून कॅमेरा दिव्याने उजळलेल्या भिंतीवर रोखावा. पट्टे ठळक दिसले तर दिवे लुकलुकणारे आहेत. पुसट दिसले तर ड्रायव्हर बरा आहे आणि 1/60 वरही फारसं बिघडणार नाही. मग कॅमेऱ्याच्या मेनूत NTSC ऐवजी PAL निवडावं, शटर 1/50 वर हाताने बांधून ठेवावं आणि उजेड जास्त झाला तर शटर न वाढवता आयएसओ किंवा अ‍ॅपर्चर कमी करावं. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये व्हिडिओच्या भागात `Show PAL Formats` चालू केलं की 25 फ्रेमचा पर्याय दिसू लागतो.

रंगमंचावरचे मंद केलेले एलईडी मात्र या हिशोबात बसत नाहीत. ते विजेच्या तालावर नव्हे, तर मंद करणाऱ्या सर्किटच्या तालावर सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा पूर्ण चालू-बंद होतात. चित्रात पट्टे दोन-चार न येता बारीक रेघांसारखे डझनांनी येतात आणि मंदपणा बदलला की त्यांची रुंदीही बदलते. काही नव्या कॅमेऱ्यांत शटर अपूर्णांकात, 1/50.3 अशा बारीक पायऱ्यांनी, बदलता येतं. स्क्रीनकडे बघत रेघा विरेपर्यंत ते फिरवावं लागतं. नाटकाची घंटा होण्यापूर्वी प्रकाशयोजना करणाऱ्याला विनंती करून प्रत्येक प्रवेशाचा उजेड एकदा लावून घेता आला तर हे काम तेव्हाच उरकून घ्यावं. त्या बारीक रेघा नंतर एडिटिंगमध्ये काढायला बसलं तर साडीचे काठ आणि जरीच्या रेघाही त्यांच्याबरोबर पुसल्या जातात.